पैसे कापले गेले, तरी ॲप म्हणतंय ‘आधीची बाकी भरा’

प्रश्न: मी सांगलीत विश्रामबागला राहतो. परवा शनिवारी आईला चेकअपसाठी पुण्याला नेलं होतं. संध्याकाळी एरंडवण्याहून स्वारगेटला कॅब केली, भाडं ₹312. यूपीआयने पैसे भरताना चक्र फिरत राहिलं, खात्यातून कापल्याचा एसएमएस आला आणि बसची वेळ झाली म्हणून आम्ही उतरून गेलो. आता ॲप म्हणतं ₹312 बाकी आहे, ती भरल्याशिवाय नवीन गाडी मिळणार नाही. त्यांचा चॅटवाला म्हणतो पैसे आलेच नाहीत, बँकवाले म्हणतात व्यवहार सक्सेस आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचंय. पुन्हा पैसे भरू का? आणि आधीचे बुडाले का?

उत्तर:

आज भरू नका. गुरुवारपर्यंत थांबा, शुक्रवारी सकाळी खातं बघा आणि मग ठरवा. सोमवारच्या आत ठरवायला तेवढा वेळ पुरतो. पैसे बुडालेले नाहीत, पण ते या क्षणी कुठे आहेत हे शोधावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मी बँकेत यूपीआयच्या तक्रारींच्या टेबलावर काम करतो, आणि असली प्रकरणं आमच्याकडे जवळजवळ रोज येतात.

आधी शाखेतल्या माणसाच्या त्या ‘सक्सेस’बद्दल. काउंटरवर बसलेल्याला समोर फक्त तुमचं खातं दिसतं. त्यात ₹312 नावे पडलेले दिसले की तो म्हणतो, आमच्याकडून झालंय. तो खोटं बोलत नाही, पण त्याला अर्धीच गोष्ट दिसते. यूपीआयच्या व्यवहारात तुमची बँक पैसे कापते, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेतून निरोप समोरच्या बँकेकडे जातो, समोरची बँक जमा करते आणि ‘झालं’ असा निरोप उलट्या वाटेने परत येतो. हा परतीचा निरोप वेळेत आला नाही की तुमच्या खात्यात नावे पडलेलं दिसतं, पण व्यवहार पुरा झाला की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. तुमच्या स्क्रीनवर फिरणारं चक्र म्हणजे हाच मधला काळ.

त्यात कॅबच्या ॲपचा आणखी एक पदर आहे. ॲपची कंपनी पैसे सहसा थेट घेत नाही, मध्ये पेमेंट गेटवे असतो. गेटवे प्रत्येक भाड्यासाठी एक मागणी उघडतो आणि ती थोडाच वेळ चालू ठेवतो. त्या वेळात ‘पैसे आले’ असा निरोप आला नाही, तर गेटवे ती मागणी बंद करतो आणि ॲपला ‘पेमेंट फेल’ कळवतो. ॲपचा सर्व्हर त्याच क्षणी तुमच्या नावावर ₹312 बाकी टाकतो आणि पुढचं बुकिंग अडवतो. तुमच्या बँकेत काय चाललंय हे त्याला माहीत नसतं. म्हणजे ॲपची वही वेगळी आणि बँकेची वही वेगळी. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत दोघेही आपापल्या परीने खरं बोलतात आणि मधे तुम्ही अडकता.

आता मोबाईल हातात घ्या. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे दिले ते उघडा आणि हिस्टरीत शनिवारचा तो व्यवहार शोधा. दोन गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली म्हणजे पैसे कोणाच्या नावाने गेलेत. तिथे कॅब कंपनीचं किंवा एखाद्या गेटवेचं नाव असेल, तर तुमचं प्रकरण मी वर सांगितलं तसंच आहे. गेटवेचं नाव अनोळखी वाटतं म्हणून घाबरू नका. पण तिथे एखाद्या माणसाचं नाव असेल, तर गोष्टच वेगळी. ऑनलाइन अडकल्यावर ड्रायव्हर बरेचदा म्हणतो, “साहेब, माझ्या क्यूआरवर टाका.” घाई असते, आपण टाकतो. ते पैसे ड्रायव्हरच्या स्वतःच्या खात्यात गेले, कंपनीकडे नाही. त्यानंतर त्याने आपल्या ॲपमध्ये ‘पैसे मिळाले’ असं दाबलं नाही, तर कंपनीच्या लेखी तुमची बाकी तशीच राहते. यात बँकेकडे तक्रार करून काही उपयोग नाही, कारण ज्याला पाठवले त्याला पैसे बरोबर पोचलेत. इथे ॲपच्या मदत विभागात त्याच ट्रिपवर जाऊन ‘ड्रायव्हरला थेट पैसे दिले’ अशा अर्थाचा पर्याय निवडायचा आणि ड्रायव्हरचं नाव, वेळ आणि रक्कम दिसेल अशी पावती जोडायची. ट्रिप संपल्याची वेळ आणि पावतीची वेळ यात चार-पाच मिनिटांचंच अंतर असलं की मामला सहसा लगेच मिटतो. रोख दिले असतील तर मात्र पुरावा नसतो आणि ड्रायव्हरच्या शब्दावर अवलंबून राहावं लागतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून पैसे कंपनीच्याच मागणीवर गेलेत असं धरून पुढे जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्थिती आणि नंबर. त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दोन-तीन नंबर दिसतात. तुम्हाला हवा तो बारा आकडी. त्याला कुठे यूटीआर म्हणतात, कुठे यूपीआय रेफरन्स नंबर. पासबुकातल्या नोंदीतही तोच छापलेला असतो. लांबलचक, अक्षरं मिसळलेला दुसरा नंबर तुमच्या यूपीआय ॲपचा किंवा गेटवेचा असतो. तोही लिहून ठेवा, पण दोन बँकांना जोडणारा धागा म्हणजे हा बारा आकडी नंबर. स्क्रीनशॉट काढताना तारीख, वेळ, रक्कम, नाव, स्थिती आणि हा नंबर एकाच चित्रात आले पाहिजेत. लोक फक्त वरची हिरवी बरोबरची खूण पाठवतात. त्यावरून कोणीच काही शोधू शकत नाही.

स्थिती तीनपैकी एक असेल.

‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ असेल तर पैसे अजून मधल्या वाटेवर आहेत, आणि यासाठी रिझर्व्ह बँकेने मुदत ठरवून दिली आहे. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात ती आहे आणि 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहे. दुकानदाराला किंवा कंपनीला यूपीआयने पैसे देताना खात्यातून कापले गेले, पण समोर पावती पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला ₹100 भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, बँकेच्या कामकाजाचे नाहीत, त्यामुळे रविवारही मोजला जातो. तुमचा व्यवहार शनिवारचा, म्हणजे मुदत गुरुवारी संपते. गुरुवार थांबा म्हटलं ते यासाठी. शुक्रवार उजाडला तरी पैसे आले नाहीत, तर त्या दिवसापासून ₹100 रोजचा हिशोब चालू होतो.

एका व्यक्तीने दुसऱ्याला पैसे पाठवले असतील तर मुदत फक्त एका दिवसाची आहे. बरेच लोक ती मुदत कंपनीच्या व्यवहारालाही लावतात आणि दुसऱ्याच दिवशी शाखेत येऊन भांडतात. तुम्ही सोमवारीच भांडलात, तर नियम तुमच्या बाजूने नाही.

स्थिती ‘फेल’ असेल आणि पैसे परत जमा झालेले असतील, तर ॲपची बाकी खरी आहे. हे लोकांना फार जड जातं. हळद पेठेतल्या एका पेढीचे दिवाणजी असेच तावातावाने आले होते. “माझे एकदा कापलेत, आता पुन्हा का देऊ?” पासबुक भरून काढलं तर चौथ्या दिवशी तेवढीच रक्कम जमा होती, पण नोंदीत कॅबचं नाव नव्हतं, नुसताच यूपीआयचा नंबर होता, म्हणून ती त्यांच्या नजरेतून सुटली होती. त्यांनी प्रवास केला होता, पैसे खात्यात परत आले होते, म्हणजे भाडं देणं राहिलंच होतं. म्हणून परतीची नोंद शोधताना कंपनीचं नाव शोधू नका. शनिवारनंतर ₹312 ची जमा कुठे आहे का, ते बघा.

तिसरी स्थिती ‘सक्सेस’. यात दोन शक्यता आहेत. एक, निरोप उशिरा पोचला. तोवर गेटवेने मागणी बंद केली होती, म्हणून आलेले पैसे कोणत्या ट्रिपचे हे त्याला कळत नाही, किंवा तो ते स्वतःहून परत पाठवतो. हा परतावा वेगळ्या नंबराने येतो आणि काही दिवस घेतो. पैसे परत आले तर पुन्हा तेच, भाडं नव्याने भरायचं. दोन, पैसे गेटवेकडे किंवा कंपनीकडे खरंच जमा आहेत, पण ट्रिपला जोडलेले नाहीत. इथे मात्र बाकी चुकीची आहे आणि ती पुसायचं काम कंपनीचं आहे.

या दुसऱ्या शक्यतेत ₹100 रोजच्या भरपाईचा आग्रह धरू नका. ती भरपाई अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारासाठी आहे. पैसे समोरच्या खात्यात पोचले असतील, तर बँकांच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला. आता भांडण तुमचं आणि कंपनीचं, हिशोबाचं. बँकेकडून तुम्हाला एवढंच हवं की हा नंबर समोर जमा झाला का. हे शाखेत विचारू नका, म्हणजे विचारा, पण तक्रार नोंदवूनच. सोपी वाट यूपीआय ॲपमधून आहे. त्याच व्यवहाराच्या पानावर मदत किंवा तक्रार असं बटण असतं, तिथे ‘पैसे कापले पण समोर मिळाले नाहीत’ हा प्रकार निवडायचा. तक्रार क्रमांक मिळतो आणि ती तक्रार यंत्रणेतून योग्य बँकेकडे जाते. क्रमांक जपून ठेवा. पुढे वर जायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच विचारतात.

एक छोटा सापळा. तुम्ही यूपीआय लाइट वापरत असाल, म्हणजे पिन न टाकता छोटे पैसे जाणारी सोय, तर ₹312 तिथून गेले असतील. लाइटची प्रत्येक खरेदी पासबुकात येत नाही, लाइटमध्ये पैसे भरल्याचीच नोंद येते. तुम्हाला कापल्याचा एसएमएस बँकेकडून आलाय म्हणता, म्हणजे बहुतेक हे तुमचं नाही, पण एकदा बघून घ्या.

आता कंपनीला काय लिहायचं. चॅटवरचा माणूस, किंवा बरेचदा ठरीव उत्तरं देणारी यंत्रणा, तुमची हकीकत वाचत नाही. ‘आईला घेऊन होतो, बस चुकत होती’ हे सगळं खरं असलं तरी त्याला शोधायला एक नंबर हवा असतो. ट्रिप उघडून तिथूनच तक्रार करा, म्हणजे ट्रिपचा क्रमांक आपोआप जोडला जातो. मजकूर साधारण असा ठेवा: “शनिवारच्या या ट्रिपचे ₹312 यूपीआयने दिले आहेत. यूटीआर हा. माझ्या ॲपमध्ये स्थिती सक्सेस आहे, पावती जोडली आहे. हा यूटीआर तुमच्या गेटवेकडे तपासून रक्कम बाकीत वळती करा. गेटवेने परत पाठवली असेल तर परताव्याचा नंबर आणि तारीख द्या.” शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. त्यामुळे ‘पैसे आलेच नाहीत’ एवढ्यावर त्यांना सुटता येत नाही. एक तर पैसे आहेत, नाही तर कुठे गेले ते सांगावं लागतं.

तेच उत्तर पुन्हा आलं, तर चॅट सोडा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे अशा कंपनीने हा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा संकेतस्थळावर द्यायला हवा. त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्याचा पत्ता ॲपच्या अटी-नियमांच्या पानावर तळाशी कुठेतरी दडलेला असतो. माझा अनुभव असा की चॅटवर चार दिवस अडलेलं काम या मेलने हलतं, कारण ते माणूस वाचतो. त्यानेही नाही झालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बँक दाद देत नसेल तर मार्ग वेगळा: तक्रार करून 30 दिवस झाले किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ₹312 साठी इथवर यायची वेळ क्वचितच येते.

आता तुमचा मूळ प्रश्न, पुन्हा भरू का. शुक्रवारी सकाळी पैसे परत आलेले असतील, तर बेलाशक भरा, कारण ते देणं खरं आहे. परत आलेले नसतील आणि कंपनीनेही बाकी काढली नसेल, तरीही सोमवारी गाडी हवी असेल तर भरा. फक्त क्रम पाळा. आधी यूपीआय ॲपमधली तक्रार आणि कंपनीकडची तक्रार, दोन्ही नोंदवलेल्या असू द्या, मगच दुसऱ्यांदा पैसे. दुसऱ्यांदा भरल्याने पहिल्या ₹312 वरचा हक्क जात नाही. उलट एकाच ट्रिपचे दोन व्यवहार समोर आले की ‘दोनदा घेतले’ हे सिद्ध करायला सोपं जातं. शक्यतो दुसऱ्या खात्यातून किंवा डेबिट कार्डाने भरा, म्हणजे कोणते पैसे कोणते यात गोंधळ राहणार नाही. आणि ज्या दिवशी पहिला व्यवहार पेंडिंग दिसतोय त्याच दिवशी लागोपाठ दोन-तीनदा प्रयत्न करू नका. दोन व्यवहार अडकले की कोणता परत आला आणि कोणता लागला हे शोधण्यातच आठवडा जातो.

आईच्या नंबरवरून नवीन खातं उघडून गाडी बोलवावी असं सुचेल. एका दिवसाच्या अडचणीला ते चालून जाईलही, पण त्याच मोबाईलवर उघडलं तर काही ॲप मोबाईल ओळखून तेही खातं अडवतात, आणि मग दोन खात्यांची भांडणं होतात. त्यापेक्षा स्वारगेटला उतरून रिक्षा केलेली बरी.

पैसे भरताना ते ॲपच्या आतल्या ‘बाकी’च्या पानावरूनच भरा. आलेल्या लिंकवरून नाही, आणि नेटवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअर नंबरवरून तर मुळीच नाही. ‘कॅब रिफंड नंबर’ असं शोधल्यावर वर येणाऱ्या नंबरांमध्ये ठगांचे नंबर घुसलेले असतात. तो माणूस आपुलकीने ₹312 परत करायचं सांगतो आणि पिन टाकायला लावतो, किंवा मोबाईलची स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवायचा. फसलाच असाल तर लगेच 1930 ला फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पुढे गेलेले पैसे गोठवता येण्याची आशा असते.

बाकी भरल्यावर किंवा कंपनीने पुसल्यावरही ॲप काही वेळ तोच निरोप दाखवतं. लगेच पुन्हा भरू नका. ॲपमधून बाहेर पडून परत लॉगिन करा, अपडेट असेल तर घ्या, आणि तरी तसंच असेल तर बाकीच्या पानावर रक्कम शून्य आहे का ते बघा. शून्य असेल तर तो फक्त जुना निरोप आहे.

आणि दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत देताना कंपनी ते ॲपच्या वॉलेटमध्ये किंवा क्रेडिट म्हणून देऊ करेल. तुम्ही वर्षातून दोन-चारदा पुण्याला जाणार, आणि अशा क्रेडिटला बरेचदा मुदत असते. ते नको म्हणा. ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत हवेत, असं त्याच तक्रारीत लिहा आणि ₹312 जमा दिसल्याशिवाय ‘तक्रार सुटली’ या बटणावर दाबू नका.